दुसऱ्याच्या अंगणातील फलक

छोट्या पेढीच्या मालकाला हल्ली एक हिशेब फार मोहात पाडतो. आपल्याकडे अठरा माणसे कामाला आहेत, प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीत तीनशे-चारशे नावे आहेत, म्हणजे एका सकाळी सर्वांनी पेढीची जाहिरात आपापल्या स्टेटसवर ठेवली, तर पाच-सहा हजार डोळ्यांपुढून ती जाईल, आणि तीही विनामूल्य. कागदावर हा गुणाकार बिनचूक असतो. मात्र ज्या तीनशे नावांवर तो उभा आहे, ती नावे पेढीच्या खतावणीत कोठेही जमा नाहीत. ती त्या माणसाची सोयरीक आहे, शाळासोबती आहेत, शेजार आहे, मागील नोकरीतील सहकारी आहेत. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर ती दुसऱ्याच्या नावावरील ठेव आहे. तिच्यावर धनादेश लिहिण्याचा अधिकार खातेदाराचा, शाखाधिकाऱ्याचा नव्हे.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी दुकान, पेढी किंवा लहान कारखाना आहे. म्हणून हा विषय एका प्रत्यक्ष उदाहरणावरूनच मांडतो. सांगली जिल्ह्यात घरांच्या छपरांवर सौर वीजसंच बसवून देणारी एक पेढी आहे. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. मालक तरुण आहेत, त्यांच्या वडिलांशी माझा जुना परिचय, त्यामुळे आठवड्यातून दोन सकाळी मी तेथे हिशेब पाहावयास जातो. माणसे अठरा: कार्यालयात दोन लेखनिक, एक हिशेबनीस, एक अभियंता, तीन विक्री प्रतिनिधी, एक भांडारपाल, दोन वाहनचालक आणि प्रत्यक्ष छपरावर चढणारे आठ तंत्रज्ञ.

मालकांनी पेढीचे फेसबुक पान काढले होते. पानावरील मजकूर मोजक्याच लोकांपर्यंत पोहोचत असे. पैसे न भरता पानाचा मजकूर फारसा दूर जात नाही, हा अनुभव सर्वांचाच आहे. तेव्हा त्यांनी कामाच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश टाकला: ‘रोज सकाळी साडेनऊपर्यंत सर्वांनी आजची पोस्ट आपल्या स्टेटसवर ठेवावी व त्याचा स्क्रीनशॉट या गटावर पाठवावा.’ पोस्ट म्हणजे बहुधा एखाद्या सणाच्या शुभेच्छा, कोपऱ्यात पेढीचे बोधचिन्ह व खाली दूरध्वनी क्रमांक. पहिल्या दिवशी अठरापैकी पंधरा स्क्रीनशॉट आले. मालक समाधानी होते. महिना उलटून गेला तरी दहा-बारा जणांची हजेरी लागतच होती. चौकशीच्या नोंदवहीत मात्र ‘कर्मचाऱ्याच्या स्टेटसवरून कळले’ अशी एकही नोंद पडली नव्हती.

एके दिवशी मालकांनी मला ते सगळे स्क्रीनशॉट कौतुकाने दाखविले. आकडे तपासण्याची सवय जुनी असल्याने माझे लक्ष चित्राकडे न जाता चित्राच्या तळाशी गेले. तेथे एक छोटा डोळा असतो आणि त्याच्या शेजारी किती जणांनी पाहिले याचा आकडा. एकाच्या तळाशी दोन, दुसऱ्याच्या तीन, तिसऱ्याच्या एक. काही चित्रे टाकल्या टाकल्या टिपलेली असतील म्हणून आकडा लहान असेल, असे प्रथम वाटले. परंतु जी चित्रे सायंकाळी उशिरा पाठविली होती, त्यांवरही तेच दोन-तीन.

याचा उलगडा सोपा होता. व्हॉट्सॲपवर स्टेटस कोणाला दिसावे हे ठरविण्याच्या तीन सोयी आहेत: आपल्या यादीतील सर्वांना, काही नावे वगळून इतरांना, किंवा फक्त निवडलेल्या नावांना. आमच्या मंडळींपैकी कित्येकांनी तिसरी सोय वापरून फक्त मालक आणि व्यवस्थापक एवढीच दोन-तीन नावे निवडली होती. मालकांना आपल्या यंत्रावर स्टेटस दिसत होते. ते इतर कोणाला दिसत नाही, हे पाहणाऱ्याच्या बाजूने कळण्याचा मार्गच नसतो. काहीजण याहून सरळ होते. ठेवायचे, चित्र टिपायचे, गटावर पाठवायचे आणि लगेच पुसून टाकायचे. आज्ञेचे अक्षर पाळले गेले होते आणि पाच हजार डोळ्यांऐवजी मालकांचे स्वतःचेच दोन डोळे रोज दहा-बारा वेळा ती जाहिरात पाहत होते.

ज्यांनी बँकेत उमेदवारी केली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. मार्च महिन्याच्या अखेरीस ठेवी वाढविण्याचे उद्दिष्ट प्रत्येक कर्मचाऱ्याच्या माथी येत असे. मग कोणी मेव्हण्याचे, कोणी घरमालकाचे किमान रकमेचे खाते उघडून आकडा पुरा करी आणि एप्रिलमध्ये ती खाती रिकामी होत. ताळेबंदाच्या तारखेला ठेव दिसे, व्यवसाय मात्र वाढलेला नसे.

मालकांना मी पहिली गोष्ट सुचविली ती ही, की स्टेटस कोणी लपविले याचा शोध करू नये. तो केला असता, तर उरलासुरला विश्वासही गेला असता. दुसरी सूचना अशी, की स्क्रीनशॉटची आज्ञा त्याच दिवशी मागे घ्यावी आणि ती मागे घेतली हे गटावर स्पष्ट लिहावे. नुसते विसरून गेल्याने आज्ञा संपत नाही. कोणी सांगत नाही तोवर भिडस्त माणूस ती पाळतच राहतो.

आज्ञा मागे घेतल्यावर पुढील काही आठवड्यांत चहाच्या वेळी कारणे आपोआप बाहेर आली. कोणी विचारली नव्हती. एका तंत्रज्ञावर हातउसने कर्ज होते आणि आपण सध्या कोठे काम करतो हे देणेकऱ्यांना कळू नये असे त्याला वाटत होते. एका वाहनचालकाचा साडू शेजारच्या तालुक्यात हाच व्यवसाय करतो, त्यामुळे रोजच्या जाहिरातीने घरात कुरबूर होत होती. कार्यालयातील एका भगिनीला पूर्वी एका व्यक्तीचा फार उपद्रव झाला होता आणि तिच्या कामाचा पत्ता जगजाहीर होणे तिला धोक्याचे वाटत होते. आणि भांडारपालाने दिलेले कारण सर्वांत साधे होते. ‘माझे स्टेटस माझ्या नातीच्या फोटोंसाठी आहे,’ असे तो म्हणाला. माझ्या मते हे कारण इतर तिन्हींच्या तोडीचे आहे. माणसाला आपल्या अंगणात दुकानाचा फलक नको असेल, तर त्यासाठी कर्ज किंवा भीती असावी लागत नाही. म्हणूनच नकाराचे कारण विचारू नये. कारण विचारले की ज्याचे कारण गंभीर, त्यालाच खोटे बोलावे लागते.

‘मग काका, सांगायचेच नाही का?’ मालकांनी विचारले. प्रश्न रास्त होता. पेढी वाढावी असे मालकाला वाटणे वावगे नाही आणि पेढीविषयी अभिमान असलेली माणसे तिच्यात असतातच. सांगावे जरूर. मात्र काय सांगावे, कोणी सांगावे आणि किती वेळा सांगावे, हे तिन्ही बदलावे लागते.

काय सांगावे, याचे उत्तर आम्हाला एका तंत्रज्ञाने नकळत दिले. मातीच्या कौलांच्या एका जुन्या वाड्यावर संच बसवावयाचा होता. कौलांना भोके न पाडता खालच्या वाशांना लोखंडी आधार देऊन त्याने तो बसविला. त्याने स्वतःहून काढलेला तो फोटो त्याच्या स्वतःच्या स्टेटसवर होता, कोणी सांगितलेले नसताना. त्यावर पेढीचे बोधचिन्ह नव्हते की दूरध्वनी क्रमांक नव्हता. खाली एक ओळ होती: ‘तीन दिवस लागले, पण एक कौल फुटले नाही.’ त्यावर त्याला गावातून दोन विचारणा आल्या. सणाच्या शुभेच्छांच्या चित्रावर महिनाभरात एकही आली नव्हती. शुभेच्छा तर बाजारातील सगळीच दुकाने पाठवितात. त्यात ठेवणाऱ्याचे स्वतःचे काही नसते आणि पाहणाऱ्याला त्यातून काही कळतही नाही. कौलांच्या फोटोत कारागिराची कसोटी होती, आणि ज्याच्या घरावर कौले आहेत त्याच्या मनातील प्रश्नाचे उत्तर होते.

तेव्हा ठरले, की सणांची चित्रे कर्मचाऱ्यांपुढे ठेवणे पूर्ण बंद करावे. पेढीच्या पानावर हवी तर असोत. आठवड्यातून एकच गोष्ट, झालेल्या कामाची, ज्याने काम केले त्याच्याशी बोलून लिहिलेली, एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवावी. त्या फोल्डरचा दुवा गटाच्या माहितीत कायमचा लिहून ठेवावा. ज्याला घ्यावेसे वाटेल त्याने तेथून घ्यावे. असे फोल्डर दुवा असलेल्या कोणालाही पाहता येईल असे ठेवले, की कोणी घेतले व कोणी घेतले नाही याची नावनिशीवार नोंद मालकाकडे राहत नाही. ही नोंद नसणे हीच या व्यवस्थेची खरी सोय आहे. कामाच्या गटावर रोज येणारी पोस्ट आणि तिच्याखाली उमटणारे अंगठे, यांत मात्र ज्याचा अंगठा नाही तो लगेच डोळ्यांत भरतो.

फोटो निवडताना दोन संमती लागतात आणि आपल्याकडे त्या दोन्ही गृहीत धरल्या जातात. पहिली घरमालकाची. छपराचा फोटो म्हणजे कोणाच्या तरी घराचा फोटो. त्यात घराचे नाव, वाहनाचा क्रमांक, मीटरवरील ग्राहक क्रमांक दिसत असेल, तर तो कापून घ्यावा. आम्ही काम पूर्ण झाल्याच्या पावतीवरच ‘कामाचा फोटो प्रसिद्ध करण्यास हरकत आहे / नाही’ अशी एक ओळ छापून घेतली. दुसरी संमती फोटोत दिसणाऱ्या तंत्रज्ञाची. तो पेढीचा नोकर आहे म्हणून त्याचा चेहरा पेढीचा होत नाही. आठांपैकी दोघांनी चेहरा नको असे सांगितले. त्यांच्या कामाचे फोटो हातांचे व औजारांचे निघतात आणि ते अधिक चांगले दिसतात असे माझे वैयक्तिक मत आहे.

कोणी सांगावे, हा प्रश्न लहान पेढीत फार नाजूक असतो. मोठ्या कंपनीत वरिष्ठाचा संदेश शेकडो जणांना जातो आणि त्यात एकटा माणूस झाकून जातो. अठरा जणांच्या पेढीत मालकाने ‘जमल्यास’ म्हटले तरी ऐकणाऱ्याला ते ‘करावेच’ असे ऐकू येते, कारण त्याची पगारवाढ, रजा आणि दिवाळीची उचल हे सारे त्याच एका माणसाच्या हाती असते. म्हणून विनंती करणारा आणि पगार ठरविणारा एक नसावा. आमच्याकडे हे काम एका लेखनिक भगिनीकडे दिले. तिला या गोष्टीची आवड होती आणि ते तिच्या कामाच्या वेळेतच बसविले. शब्दही आधी ठरविले. गटावर गेलेली सूचना अशी होती:

‘आपल्या झालेल्या कामांचे फोटो व माहिती फोल्डरमध्ये ठेवली आहे. दर सोमवारी एक नवीन भर पडेल. कोणास आपल्या स्टेटसवर किंवा फेसबुकवर ठेवावीशी वाटल्यास आनंद आहे, न वाटल्यास काही सांगण्याची गरज नाही. कोण ठेवतो, कोण नाही याची नोंद पेढी ठेवत नाही व पगार, बढती, रजा यांच्याशी याचा संबंध नाही. ही सूचना पुन्हा पाठविली जाणार नाही.’

शेवटचे वाक्य मालकांना खटकले होते. लोक विसरतील, असे त्यांचे म्हणणे. परंतु ज्या विनंतीची आठवण करून दिली जाते ती विनंती उरत नाही. नव्याने रुजू होणाऱ्यास ही सूचना एकदा दाखवावी, तीही पहिल्या महिन्यानंतर. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कोणीही कशालाही होच म्हणतो. आणि पगाराच्या दिवशी, बोनसच्या सभेत किंवा वार्षिक मूल्यमापनाच्या गप्पांत हा विषय चुकूनही निघू नये.

मालकांनी स्वतः काय करावे, हे मी थोडे आग्रहाने सांगितले. व्हॉट्सॲपवर आपण कोणाचे स्टेटस पाहिले, की सहसा त्याला आपले नाव दिसते. रोज सकाळी मालकाचे नाव पाहणाऱ्यांच्या यादीत आले, की माणसाला आपल्या अंगणात मुकादम उभा असल्यासारखे वाटते. तेव्हा कर्मचाऱ्यांची स्टेटस मालकांनी आपल्या यंत्रावर ‘म्यूट’ करून ठेवावीत. त्याने ती नव्या स्टेटसांच्या ओळीतून बाजूला जातात आणि सहज उघडली जात नाहीत. फेसबुकवर एखाद्याच्या पोस्टला आवडल्याची खूण द्यायची, तर ती कामाच्या पोस्टलाच न देता त्याच्या मुलाच्या निकालालाही द्यावी, नाहीतर कोणालाच देऊ नये. आणि सभेत ‘अमुक किती छान शेअर करतो’ असे जाहीर कौतुक नको. त्या कौतुकाचा दुसरा अर्थ इतर सतरा जण बरोबर लावतात.

कुटुंबाच्या पेढीत एक गोष्ट आणखी विसरली जाते. वरील सारे नियम नोकरांसाठी आणि घरच्या सुना, पुतणे, भाचे यांना मात्र हक्काने सांगायचे, असे चालते. पेढीत पगारावर किंवा पगाराविना बसणाऱ्या सुनेची मैत्रिणींची यादी तिची असते. तिला नाही म्हणणे नोकरापेक्षाही कठीण जाते. तिलाही तीच सूचना, त्याच शब्दांत द्यावी.

आता बक्षिसाकडे वळतो, कारण जबरदस्ती सोडली की मालकाला पुढची युक्ती हीच सुचते: जो महिन्यात सर्वाधिक पोस्ट ठेवील त्याला पाचशे रुपये. मी याच्या विरोधात आहे. बक्षीस द्यायचे तर मोजावे लागते. मोजायचे तर स्क्रीनशॉट परत येतो, आणि ज्याने काही ठेवले नाही त्याचे शून्य सर्वांना दिसते. शिवाय पाचशे रुपयांसाठी ठेवलेली पोस्ट नातेवाइकांना लगेच ओळखू येते. ओळखीने ग्राहक आणून दिला आणि काम झाले, तर ठरलेली रक्कम द्यावी. ती व्यापारातील जुनी, उघड रीत आहे व ती हिशेबात दिसते. मात्र तीही स्टेटस ठेवण्याशी जोडू नये. कोणी फोनवरून ग्राहक आणील, कोणी लग्नात बोलता बोलता. विक्री प्रतिनिधींची गोष्ट वेगळी आहे. प्रसिद्धी हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. त्यांच्याकडून ती हवी असेल, तर पेढीने त्यांना पेढीचा भ्रमणध्वनी व क्रमांक द्यावा आणि त्यावरील स्टेटस पेढीने ठरवावे. त्यांचे खाजगी खाते त्यांच्याकडेच राहू द्यावे.

जो स्वेच्छेने ठेवतो, त्यालाही थोडे सांभाळावे लागते, आणि येथे पेढीची जबाबदारी मोठी आहे. छपरावरील सौर संचांसाठी केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ २०२४ साली सुरू झाली. तिच्यात घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८,००० रुपये केंद्रीय अनुदान मिळते. संच सुरू झाल्यावर ते ग्राहकाच्या बँक खात्यात येते. योजनेच्या नावात ‘मुफ्त’ शब्द असल्याने उत्साही माणूस सहज लिहून जातो, ‘सोलर फुकट, बिल कायमचे शून्य’. यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत. संचाची किंमत अनुदानाहून अधिक असते आणि उरलेली रक्कम ग्राहकानेच भरावयाची असते. तीन किलोवॅटचा संच आपल्याकडील उन्हात दिवसाला सरासरी बारा युनिटांच्या आसपास वीज देतो, पावसाळ्यात त्याहून कमी. वापर त्याहून जास्त असेल, तर फरकाचे बिल येते, आणि वापर पूर्ण भागला तरी महावितरणच्या बिलातील स्थिर आकार राहतोच.

तंत्रज्ञाने आपल्या आत्याला खूश करण्यासाठी लिहिलेली ती एक ओळ पुढे पेढीचे आश्वासन म्हणून ग्राहक आयोगासमोर ठेवली जाऊ शकते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते आणि तो शिफारस करणाऱ्यावरही बसू शकतो. म्हणून आम्ही फोल्डरमध्ये एक पानी टिपण ठेवले. त्यात अनुदानाचे आकडे, सरासरी उत्पादन, स्थिर आकाराची गोष्ट आणि ‘किंमत लिहू नये, विचारणाऱ्यास कार्यालयाचा क्रमांक द्यावा’ एवढेच आहे. आकडे बदलले की टिपण बदलते आणि त्यावर तारीख असते. कोणी चुकीचे लिहिलेच, तर ती लेखनिक भगिनी त्याला एकट्याला फोन करून सांगते, गटावर नाही.

याला जोडूनच आणखी एक नियम आहे, तो बहुतेकांना ठाऊक नसतो. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली समाजमाध्यमांवरील प्रसिद्धीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात प्रसिद्धी करणारा व उत्पादक यांच्यातील असा कोणताही संबंध, ज्याने शिफारशीचे वजन बदलेल, तो उघड करावा असे सांगितले आहे आणि कौटुंबिक व नोकरीचे नाते त्यात स्पष्टपणे येते. ग्राहक व्यवहार खात्याच्या नियमांचाही रोख हाच आहे. व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की आपण तेथे काम करतो हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे. ‘परवा एका घरी सोलर पाहिले, फार छान आहे’ असे परक्याच्या तोंडचे वाक्य पेढीच्या माणसाने लिहू नये. ‘मी या पेढीत संच बसविण्याचे काम करतो, हे आमचे गेल्या आठवड्यातील काम’ असे लिहावे. गंमत म्हणजे दुसरे वाक्यच अधिक परिणाम करते. ओळखीचा माणूस ते काम स्वतः करतो, हे कळले की लोक त्याला प्रश्न विचारतात.

याच कारणासाठी गूगलवर पेढीला पाच तारे देण्याचे कर्मचाऱ्यांना कधीही सांगू नये. स्टेटसवर आपले काम दाखविणे आणि ग्राहक असल्याचा आव आणून अभिप्राय लिहिणे यांत मूलभूत फरक आहे. स्वतःच्या व्यवसायाविषयी असे अभिप्राय लिहिण्यास गूगलच्या नियमांतही मनाई आहे आणि ते काढून टाकले जाऊ शकतात.

कर्मचाऱ्याच्या पोस्टखाली तक्रार आली तर काय करावे, हेही आधीच सांगून ठेवावे. आमच्या एका तंत्रज्ञाच्या फोटोखाली एका गृहस्थांनी लिहिले, की ‘आमचा इन्व्हर्टर महिनाभर बंद आहे, त्याचे काय?’ बिचाऱ्याला काय उत्तर द्यावे सुचेना. तेव्हा ठरले, की त्याने उत्तर देण्याचे बंधन नाही. लेखनिक भगिनीला कळवावे, ती कार्यालयातून ग्राहकाला फोन करील. त्याने हवे तर ‘कार्यालयाला कळविले आहे’ एवढे लिहावे, हवे तर पोस्ट काढून टाकावी. काढून टाकण्याची मुभा ही ठेवण्याच्या मुभेइतकीच पक्की हवी. रात्री नऊ वाजता आपल्या फेसबुकवर पेढीचा वकील होण्याचे काम कोणाच्याही नेमणूकपत्रात नसते.

मोजमाप करावयाचे, तर ते दुसऱ्या टोकाला करावे. चौकशीचा फोन आला, की ‘आपल्याला आमच्याविषयी कोठून कळले?’ हा प्रश्न विचारून वहीत रकाना भरावा: जुना ग्राहक, फलक, फेसबुक पान, ओळखीच्या व्यक्तीचे स्टेटस, इतर. कोणत्या व्यक्तीचे, हे लिहू नये. ग्राहकाने आपणहून नाव सांगितले, तर त्या व्यक्तीला खाजगीत धन्यवाद द्यावेत आणि विषय तेथेच संपवावा. दर तिमाहीला रकान्यांची बेरीज पाहावी. आज्ञेच्या काळात ‘स्टेटस’ हा रकाना कोराच होता. नव्या व्यवस्थेच्या पहिल्या तिमाहीत त्यात पाच नोंदी पडल्या व त्यांतून दोन कामे मिळाली. अठरांपैकी किती जण पोस्ट ठेवतात हे मला ठाऊक नाही. बोलण्यावरून सहा-सात असावेत, आणि त्यात बहुतेक तंत्रज्ञच आहेत. दोन कामे म्हणजे फार नव्हे. केवळ यावर कोणी विसंबू नये आणि जुन्या ग्राहकांच्या तोंडची शिफारस याहून नेहमीच मोठी राहणार.

व्यवस्था बिघडू लागली आहे हे ओळखण्याच्या खुणा मात्र मालकांना सांगून ठेवल्या आहेत. सगळ्यांची पोस्ट एकाच वेळी येऊ लागली, किंवा मजकूर अक्षरशः एकच दिसू लागला, तर कोणीतरी कोठेतरी पुन्हा ‘ठेवा’ म्हणाले आहे असे समजावे. नवा माणूस पहिल्याच आठवड्यात पोस्ट ठेवू लागला, तर त्याला कोणी काय सांगितले ते सांगणाऱ्याकडे चौकशी करावी, त्याच्याकडे नव्हे. गेल्या पावसाळ्यात असेच झाले. व्यवस्थापकांनी भल्या हेतूने दोघा नव्या मुलांना ‘साहेबांना बरे वाटेल’ असे सुचविले होते. मालकांनी त्या मुलांना बोलावून लेखी सूचना पुन्हा वाचावयास दिली. एकाने पोस्ट काढली, दुसऱ्याने ठेवली.

नोकरी सोडून गेलेल्यांचा प्रश्न अलीकडे निघाला. एक तंत्रज्ञ कोल्हापूरला दुसऱ्या पेढीत गेला. त्याच्या फेसबुकवर आमच्या कामांचे दहा-बारा फोटो अजून आहेत. ते काढावयास सांगावे, असे व्यवस्थापकांचे मत पडले. मालकांनी नकार दिला. ती छपरे त्याने बांधली आहेत आणि खाते त्याचे आहे. ज्या एका फोटोत घरमालकाने नंतर हरकत घेतली, तेवढाच काढण्याची विनंती केली, ती त्याने त्याच दिवशी मान्य केली. फोल्डरमधूनही तो फोटो काढला आणि पावतीवरील ओळीत ‘नंतर केव्हाही हरकत कळविता येईल’ हे शब्द वाढविले.